हॉट नंबर, कोल्ड नंबर: रूलेटची पाटी काय सांगत नाही

लाइव्ह कॅसिनोत रूलेटचं टेबल उघडलं की समोर खरं चाक असतं, ते फिरवणारा खरा डीलर असतो आणि बाजूला एक पाटी असते. पाटीवर आधी नुकत्याच पडलेल्या आकड्यांची रांग दिसते. मग लाल किती टक्के, काळा किती टक्के, आणि त्याखाली चार-पाच हॉट नंबर आणि चार-पाच कोल्ड नंबर. हॉट म्हणजे मागच्या फेऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा आलेले आणि कोल्ड म्हणजे सगळ्यात कमी वेळा आलेले. अनेक ठिकाणी हा हिशोब मागच्या ५०० फेऱ्यांचा असतो. गोव्यात मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवरही टेबलाशेजारी खांबाला लावलेल्या स्क्रीनवर हेच दिसतं.

कोल्हापुरातून शनिवार-रविवार जोडून पणजीला जाणारे पुष्कळ आहेत. त्यातली बरीच मुलं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम करतात. गुणवत्ता तपासणीचं संख्याशास्त्र शिकवताना माझा त्यांच्याशी रोजचा संबंध येतो. पाटीचा फोटो मोबाइलवर दाखवून त्यातला एक जण म्हणाला, "सर, ह्यो १७ नंबर बघा की. बाकीच्यांच्या दीडपट येतोय. कायतरी असल्याशिवाय येईल व्हय?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. "जुगार वाईट" म्हणून झटकून टाकलं तर पाटीवरचा त्याचा विश्वास तसाच राहतो.

पहिली गोष्ट, पाटीवरचे आकडे सहसा खोटे नसतात. १७ खरंच तेवढ्या वेळा आलेला असतो. फसगत होते ती पाटीवर जे लिहिलेलं नसतं त्यामुळे.

युरोपियन रूलेटच्या चाकावर ३७ खाने असतात: शून्य आणि १ ते ३६. चाक सरळ असेल तर प्रत्येक खान्याची शक्यता ३७ पैकी १, म्हणजे साधारण २.७ टक्के. ५०० फेऱ्यांत प्रत्येक आकड्याच्या वाट्याला सरासरी साडेतेरा वेळा येणं येतं. त्यामुळे पाटीवर १७ समोर २२ दिसलं की डोळे मोठे होतात. साडेतेराच्या जागी बावीस! आणि ८ समोर फक्त सहा.

पण साडेतेरा ही सरासरी आहे. कुणाचाही आकडा बरोबर तिथेच थांबेल असं कुणी सांगितलेलं नाही. ५०० फेऱ्यांत एखाद्या आकड्याची संख्या सरासरीच्या आसपास किती हेलकावे खाते हे मोजता येतं. प्रमाण विचलन काढलं तर ते साधारण ३.६ येतं. म्हणजे १० ते १७ या पट्ट्यात आकडा असणं अगदी रोजचं, आणि त्याच्या बाहेर जाणंही विरळा नाही. शिवाय इथे आकडा एक नाही, ३७ आहेत. सदतीस जण एकाच वेळी हेलकावे खात असतील तर त्यातला एक जण सगळ्यात वर असणारच आणि एक सगळ्यात खाली असणारच. पूर्ण सरळ चाकावर ५०० फेऱ्या झाल्या की सगळ्यात वरचा आकडा बहुतेक वेळा २१ ते २३ च्या आसपास सापडतो आणि सगळ्यात खालचा पाच ते सातच्या आसपास. सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड यांच्यात तिप्पट-चौपट फरक असतो, आणि हा फरक कसलंही कारण नसताना येतो. उलट एखाद्या पाटीवर सगळेच आकडे १२ ते १५ मध्ये अडकलेले दिसले तर मला संशय येईल, कारण खरा योगायोग इतका नीटनेटका नसतो.

शिरोलीच्या मुलांना हे कंट्रोल चार्टवरून लगेच कळतं. बोअरचा व्यास तासातासाला मोजून चार्टवर टिंबं टाकतात. चार्टवर मधली रेघ असते आणि वर-खाली मर्यादेच्या दोन रेघा असतात. टिंब रेघांच्या आत आहे तोवर ऑपरेटरने मशीनला हात लावायचा नाही, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. कारण आतलं वर-खाली हे मशीनचं साधं डुलणं असतं, त्याच्यामागे धावलं तर जॉब बिघडतो. रूलेटची पाटी म्हणजे मर्यादेच्या रेघा पुसून टाकलेला कंट्रोल चार्ट आहे. त्या रेघा आपण काढल्या तर ५०० फेऱ्यांसाठी खालची साधारण ३ वर आणि वरची २४ वर येते. २२ वेळा आलेला १७ आत आहे आणि सहा वेळा आलेला ८ सुद्धा आतच आहे. मशीन शॉपमध्ये ज्याला कुणी हात लावला नसता, त्याच टिंबाला पाटीवर ज्वाळेचं चिन्ह लागतं. आणि एखादा आकडा २४ च्या वर गेला तरी हुरळून जाऊ नये. ३७ आकडे एकदम बघत असल्यामुळे दहा पाट्यांतल्या एखादीवर तसं नुसत्या योगायोगानेच होतं.

पाटीची रचनाच अशी आहे की तिला "आज विशेष काही नाही" असं म्हणताच येत नाही. ती आकडे उतरत्या क्रमाने लावते, वरचे पाच हॉट ठरवते आणि खालचे पाच कोल्ड ठरवते. चाक कितीही सरळ असलं तरी रांगेला वरचं टोक आणि खालचं टोक राहणारच.

हे माझ्या शब्दावर मानायची गरज नाही. मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट उघडा आणि कॅसिनोशिवाय पाटी बनवा. A कॉलमच्या पहिल्या ५०० ओळींत आणि B कॉलमच्या पहिल्या ५०० ओळींत हे सूत्र भरा:

```
=RANDBETWEEN(0,36)
```

C कॉलममध्ये वरपासून ० ते ३६ लिहा. मग D1 आणि E1 मध्ये पुढची दोन सूत्रं टाकून खाली ३७ ओळींपर्यंत ओढा:

```
=COUNTIF($A$1:$A$500,C1)
=COUNTIF($B$1:$B$500,C1)
```

D मध्ये पहिल्या ५०० फेऱ्यांची पाटी तयार झाली. इथे चाक नाही, डीलर नाही, तरी हॉट आणि कोल्ड नंबर अगदी ठसठशीत दिसतील. आता D मधले सगळ्यात मोठे पाच शोधा आणि तेच पाच आकडे E मध्ये, म्हणजे पुढच्या ५०० फेऱ्यांत, किती वेळा आलेत ते बघा. शीटमध्ये काहीही बदललं की नवे आकडे पडतात, तेव्हा हे चार-पाच वेळा करून बघता येईल. दर वेळी जुनी पाटी मोडते आणि वेगळेच आकडे गरम होतात.

या प्रयोगात साधारण काय दिसतं ते एका उदाहरणाने मांडतो. समजा पहिल्या पाटीवरचे वरचे पाच २२, २०, १९, १८ आणि १८ वेळा आलेत. बेरीज ९७. ही बेरीज मुद्दाम फुगवलेली नाही, सरळ चाकावर वरच्या पाचांची एकत्र हजेरी सहसा इतकीच भरते. पुढच्या ५०० फेऱ्यांत त्याच पाच आकड्यांकडून किती अपेक्षा ठेवायची? पाच गुणिले साडेतेरा, म्हणजे साधारण ६८. खालच्या पाचांची, म्हणजे ६, ७, ८, ९ आणि ९ अशी ३९ बेरीज असलेल्यांची, अपेक्षासुद्धा तीच: ६८. गरम थंडावतात आणि थंड गरम होतात असं इथे काही घडत नाही. निवडच टोकावरून केलेली असते, म्हणून पुढच्या खेपेला दोन्ही टोळ्या मध्यावर येतात.

याचे पैशात काय होतात ते बघू. एका आकड्यावर पैसे लावले आणि तो आला तर ३५ पट मिळतात आणि लावलेले पैसे परत येतात, म्हणजे १०० रुपयांचे एकूण ३६०० हातात. पाच हॉट नंबरांवर दर फेरीला १००-१०० रुपये, असं ५०० फेऱ्या खेळलं तर एकूण अडीच लाख रुपये टेबलावर फिरतात. पाटीवरच्या ९७ वेळांचा हिशोब मांडला तर ३,४९,२०० रुपये परत, म्हणजे ९९,२०० रुपये नफा. पाटी बघणाऱ्याच्या मनात नकळत हाच हिशोब चाललेला असतो. पण हे पैसे कुणालाच मिळू शकत नव्हते, कारण ते पाच आकडे कोणते हे त्या ५०० फेऱ्या संपल्यावर ठरलं. पाटीमुळे ज्या फेऱ्यांवर पैसे लावले जातात त्या पुढच्या असतात, आणि तिथे सरासरी ६७.६ वेळांचे २,४३,२४३ रुपये परत येतात. तोटा ६,७५७ रुपये, म्हणजे अडीच लाखांचा बरोबर सदतिसावा हिस्सा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्यातला एखादा म्हणेल की माझा मित्र तर हॉट नंबर खेळून जिंकून आला. आला असेल. त्या पाच आकड्यांची पुढची हजेरी ६८ च्या आसपास साडेसातच्या प्रमाण विचलनाने डुलते, आणि बरोबरी साधायला ७० वेळा येणं पुरतं. त्यामुळे अशा पद्धतीने ५०० फेऱ्या खेळलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ४० जण नफ्यात उठतात. हे चाळीस जण गावात येऊन सांगतात. उरलेले साठ जण घरीही सांगत नाहीत. "हॉट नंबर चालतात" ही ख्याती या चाळिसांच्या तोंडून पसरते. आणि डोळे मिटून निवडलेल्या कुठल्याही पाच आकड्यांवर खेळलं असतं तरी शंभरात चाळीसच जिंकले असते.

थंड आकड्यांच्या मागे लागणाऱ्यांची समजूत निराळी असते. ८ नंबर बराच वेळ आला नाही, आता तो यायलाच पाहिजे, सरासरी कुठेतरी भरून निघणारच, असं ते म्हणतात. सरासरी शेवटी २.७ टक्क्यांकडे जाते हे खरं आहे, पण ती जाते कशी ते महत्त्वाचं. ५०० फेऱ्यांत ८ सहा वेळा आला, म्हणजे १.२ टक्के आणि साडेसातची तूट. पुढच्या १०,००० फेऱ्यांत तो आपल्या नेहमीच्या चालीने साधारण २७० वेळा येईल. एकूण झाले २७६, १०,५०० फेऱ्यांत, म्हणजे २.६३ टक्के. टक्केवारी जवळजवळ जागेवर आली. तूट मात्र साडेसातचीच राहिली. चाकाने काहीही भरून दिलं नाही. जुनी तूट एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यात दिसेनाशी झाली, इतकंच. डीलर चाक एका दिशेला फिरवतो, गोळी उलट दिशेला सोडतो, गोळी कडेच्या धातूच्या खुंट्यांवर आपटते आणि खान्यांमधल्या पट्ट्यांवर उड्या मारत थांबते. या सगळ्यात मागची फेरी लक्षात ठेवायला जागाच नाही.

पाटीच्या खिडकीचाही एक परिणाम असतो, तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पाटी कायम शेवटच्या ५०० फेऱ्याच धरते, त्यामुळे दर नव्या फेरीला सगळ्यात जुनी एक फेरी गळून पडते. १७ चे पूर्वीचे पाच-सहा फटके एकापाठोपाठ खिडकीबाहेर गेले की तो हॉटच्या यादीतून उतरतो. खेळणाऱ्याला वाटतं १७ आता थंडावला. त्या वेळी टेबलावर १७ च्या बाबतीत काहीच घडलेलं नसतं, फक्त कित्येक तासांपूर्वीच्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतात.

आता "कायतरी असल्याशिवाय येईल व्हय" या प्रश्नाचा खरा भाग. चाक वाकडं असू शकतं. पट्टी सैल झाली, चाक थोडं कललं, एखादा खाना झिजला तर काही आकडे खरंच जास्त येतात. स्पेनच्या गोन्सालो गार्सिया-पेलायो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माद्रिदच्या कॅसिनोत घरच्या माणसांना सोबत घेऊन चाकांवरचे आकडे हजारोंनी टिपले, वाकडी चाकं शोधली आणि मोठी रक्कम जिंकली. कॅसिनोने त्यांना दार बंद केलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००४ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ही गोष्ट सांगून हॉट नंबरचं समर्थन करणारे बरेच भेटतात. पण ती गोष्ट नेमकी पाटीच्या विरोधात जाते.

समजा एखादा खाना खरोखर वाकडा आहे आणि ३७ ऐवजी ३० फेऱ्यांत एकदा येतो. हे मोठं वाकडेपण झालं. अशा आकड्यावर खेळणाऱ्याला सरासरी २० टक्के फायदा होईल. ५०० फेऱ्यांत हा आकडा किती वेळा येईल? साधारण १६ ते १७ वेळा. आणि सरळ आकड्यांमधले चार-पाच जण नुसत्या योगायोगाने १८ ते २२ वर बसलेले असतात. म्हणजे खरा वाकडा आकडा बऱ्याचदा हॉटच्या यादीत येणारच नाही, आणि यादीत आलेले बहुतेक सगळे सरळ असतील. तो वाकडा आकडा गर्दीतून खात्रीने वेगळा दिसायला साधारण ८,००० फेऱ्या लागतात. तेव्हा अपेक्षा २१६ ची असते आणि तो २६७ च्या आसपास पोहोचलेला असतो. तासाला ६० फेऱ्या धरल्या तरी हे पाच-साडेपाच दिवस अखंड चालणारं काम आहे, आणि तेवढ्या वेळात चाक तेच राहायला हवं, त्याला कुणी पाना लावलेला नसावा. याच नोंदी, कित्येक पटींनी जास्त, कॅसिनोकडे असतात आणि चाक तपासायला तो त्या वापरतो. खरा कल दिसला की चाक दुरुस्तीला जातं. खेळणाऱ्यासमोर त्यातला एवढाच तुकडा ठेवला जातो, जो काहीही ठरवायला अपुरा आहे.

मग कुणी विचारेल की सगळे आकडे सारखेच असतील तर हॉट नंबरवर पैसे लावून बिघडलं काय? लावलेल्या एका रुपयापुरतं बघितलं तर काहीच नाही. १७ वर लावा, ८ वर लावा किंवा मुलीच्या वाढदिवसाच्या तारखेवर लावा, प्रत्येक रुपयामागे सरासरी २.७ पैसे जातात. पाटी वाईट आकडा निवडायला लावत नाही. ती पुढच्या फेरीला पैसे लावायचं कारण पुरवते, आणि माझ्या मते नुकसान तिथे होतं. दोन डाव खेळून उठणारा माणूस "८ आता येणारच" म्हणून तासभर बसून राहतो. चार फेऱ्या आला नाही की लावायची रक्कम दुप्पट करतो. १७ गरम आहे म्हणून शंभराच्या जागी पाचशे ठेवतो. त्याला वाटत असतं की तो अभ्यास करून खेळतोय, त्यामुळे थांबायचा विचार मनात यायला उशीर होतो. दर फेरीला ५०० रुपये आणि तासाला ६० फेऱ्या म्हणजे तीस हजारांची उलाढाल, आणि सरासरी तासाला ८११ रुपयांचा तोटा. शनिवारी रात्री सहा तास बसलं तर पाच हजारांच्या घरात. फौंड्रीत पाळी करणाऱ्या मुलाच्या पगारात ही रक्कम किती मोठी आहे ते मी रोज बघतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

मोबाइलवरच्या लाइव्ह टेबलांबद्दल थोडक्यात. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई केली आहे. तरीही परदेशातून चालणाऱ्या साइटच्या लिंक व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर फिरत असतात. तिथे वर सांगितलेला सगळा हिशोब लागू होतोच, शिवाय समोरचं चाक कुणी तपासलंय का आणि जिंकलेले पैसे मिळतील का, याची दाद मागायला कुणी नसतं. त्याच ठिकाणी अंदर-बाहर आणि ड्रॅगन टायगरच्या टेबलावर मागच्या निकालांच्या रंगीत टिंबांची पट्टी असते. तिचाही पुढच्या पत्त्याबद्दल काही सांगण्याशी संबंध नाही.

ज्या घरात कुणी असं खेळत असेल तिथे जिंकला की हरला हे विचारून फारसं हाती लागत नाही, कारण एका रात्रीचा निकाल डुलतच असतो. खात्यात किती टाकले आणि किती काढले यापेक्षा एकूण किती रुपयांच्या चिपा टेबलावर फिरल्या ते शोधा. साइटच्या खात्यात खेळाची नोंद असते, तिथे ही उलाढाल दिसते. त्या आकड्याला ३७ ने भागलं की रूलेटपुरता सरासरी तोटा समोर येतो. तो कुठल्या नंबरांवर खेळला हे त्या भागाकारात कुठेच लागत नाही.